मंदिराच्या विश्वस्त मंडळाकडे पेटी व तबला मागण्याचे पत्र : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगलीतील एका गल्लीतील आम्ही चौदा जणी दर गुरुवारी दुपारी ४ ते ५.३० या वेळेत जवळच्या विठ्ठल मंदिराच्या सभामंडपात भजनाला बसतो. पहिली दोन वर्षे आमच्याकडे टाळांखेरीज काहीही नव्हते. पेटी व तबला मिळावा म्हणून आम्ही मंदिराच्या विश्वस्त मंडळाला दोनदा पत्र लिहिले. पहिल्या पत्राचे काही झाले नाही, दुसरे मंजूर झाले. त्यानंतर आसपासच्या मंडळांच्या भगिनींनी मंडळाची चिटणीस म्हणून मला जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले, त्यांची उत्तरे येथे एकत्र लिहिली आहेत.

विश्वस्त ओळखीचेच आहेत, तरीही लेखी पत्र द्यावे लागते का?

होय, द्यावेच लागते. आपल्याकडील बहुतेक सार्वजनिक मंदिरे महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली नोंदलेले न्यास असतात आणि त्यांच्या खर्चाचे दरवर्षी लेखापरीक्षण होते. अध्यक्षांनी तोंडी होकार दिला, तरी तेवढ्यावर खजिनदारांना पैसे खर्च करता येत नाहीत. त्यांना विश्वस्तांच्या सभेतला ठराव लागतो आणि सभेच्या विषयपत्रिकेवर विषय घेण्यासाठी आधार म्हणून आपले पत्र लागते. पत्र नसेल, तर आपल्या मागणीला कोणीही विरोध केलेला नसतानाही ती सभेपुढे कधीच येत नाही, आणि ‘समितीला आमच्या भजनाची किंमत नाही’ असा आपला उगाच गैरसमज होतो.

कोल्हापूर-सांगली भागातील काही मंदिरे पश्चिम महाराष्ट्र देवस्थान व्यवस्थापन समितीच्या अखत्यारीत आहेत. अशा मंदिरात स्थानिक मंडळींना खर्च मंजूर करण्याचा अधिकार आहे की नाही, हे आधी विचारून घ्यावे. मंदिर एखाद्या घराण्याचे खासगी असेल, तर पत्र त्या घरातील कर्त्या माणसाच्या नावे जाईल.

तुमचे पहिले पत्र का फसले?

ते चार ओळींचे होते. आम्ही दर गुरुवारी भजन करतो, वाद्यांअभावी अडचण होते, तरी एक हार्मोनियम व तबला मिळावा ही विनंती, एवढेच त्यात लिहिले होते. सभेत ते वाचले गेले, कोणी नाही म्हटले नाही आणि विषय पुढे ढकलला गेला.

विश्वस्तांच्या मनात कोणते प्रश्न होते, ते नंतर एका वयोवृद्ध विश्वस्तांकडून कळले. वाद्ये कोणाच्या मालकीची राहणार? ती मंदिरात राहणार की कोणाच्या घरी? वाजवणार कोण? पावसाळ्यात तबल्याची पुडी, म्हणजे तोंडावरचे चामडे, फाटली तर खर्च कोणी करायचा? शनिवारी बसणाऱ्या पुरुषांच्या मंडळालाही ती वापरायची असतील तर? भजनाबद्दल कोणाचाच आक्षेप नव्हता, पण यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर आमच्या पत्रात नव्हते. आपली भक्ती किती खरी आहे हे पटवून देण्यात पत्राची जागा खर्च करू नये, कारण ती समितीला रोज दिसत असते. वाद्य आल्यानंतरच्या दहा वर्षांत ते कसे वापरले आणि सांभाळले जाईल, हे पत्राने सांगितले पाहिजे.

पत्र लिहिण्याआधी काय ठरवावे?

आपल्या मंडळाची पट्टी, म्हणजे ज्या सुराला षड्ज धरून गायचे तो सूर, ठरवावी. आमच्या अनुभवात ही सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे आणि हीच सर्वांत जास्त राहून जाते, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

पेटीवर कोणतीही पट्टी धरता येते, तबल्याचे तसे नाही. उजव्या हाताने वाजवायचा तबला एका ठरावीक सुरात लावावा लागतो आणि तो सूर मुख्यतः तोंडाच्या आकारावर व शाईवर अवलंबून असतो. तोंड लहान असेल तर सूर चढा लागतो, मोठे असेल तर उतरा. साधारण साडेपाच इंची तोंडाचा तबला काळी एकच्या, म्हणजे पेटीवरील सप्तकातल्या पहिल्या काळ्या पट्टीच्या सुराच्या, आसपास चांगला बोलतो, त्याहून लहान तोंडाचा काळी दोनपर्यंत जातो. वादीखालचे लाकडी गट्टे खाली-वर करून आणि पुडीच्या कडेच्या गजऱ्यावर हातोडीने ठोकून सूर साधारण अर्ध्या स्वराने हलवता येतो. त्यापलीकडे ताणला तर चामड्यावर जोर येतो आणि फार सैल सोडला तर आवाज भसाडा होतो.

शेजारच्या वसाहतीतील एका मंडळाचे नेमके येथेच बिनसले. त्यांनी पत्रात फक्त ‘तबला’ लिहिले होते. समितीने दुकानदाराला तेवढेच सांगितले आणि दुकानदाराने नेहमी खपणारा काळी एकचा तबला दिला. त्या भगिनी काळी चारमध्ये गातात. काळी चारचा षड्ज धरला, तर काळी एक हा त्यांचा मध्यम होतो. अभंगाच्या चालीत मध्यम असेल तेव्हा तबला गोड वाटे, पण भूपासारख्या, मध्यम वर्ज्य असलेल्या रागावरची चाल सुरू झाली की तबल्याची प्रत्येक थाप गाण्याशी भांडू लागे. साथीला बसणाऱ्या मुलाने तबला पंचमाला, म्हणजे काळी दोनला, आणण्यासाठी गट्टे ठोकून ठोकून पूर्ण एक स्वर चढवला. महिन्याच्या आत पुडी किनारीजवळ उसवली. मंदिराकडून नवी पुडी मागायची वेळ आली आणि ‘आत्ताच तर घेतला होता’ असे ऐकून घ्यावे लागले.

आम्ही एका गुरुवारी ओळखीच्या घरून पेटी उसनी आणली आणि ज्यांचे अंतरे सर्वांत वर जातात असे आमच्या नेहमीच्या भजनांतले तीन अभंग वेगवेगळ्या पट्ट्यांत म्हणून पाहिले. मुख्य गाणाऱ्या ताईंना काळी पाच सोयीची होती, परंतु अंतऱ्याला मागच्या रांगेतील वयस्कर भगिनींचे आवाज फाटू लागले. काळी चारला आल्यावर चौदाही जणी वरच्या षड्जाला न ओरडता पोहोचल्या. पट्टी अशी सगळ्यांच्या गळ्यावरून ठरवावी, एकटीच्या गळ्यावरून नाही. मग तबला काळी दोनचा, म्हणजे आमच्या पंचमाचा, मागायचा असे ठरले. पंचम जवळजवळ प्रत्येक चालीत चालतो, आणि कधी काळी पाचमध्ये गायची वेळ आली तर तोच तबला मध्यम म्हणून उपयोगी पडतो.

पेटीचे वर्णन पत्रात कसे करावे?

तेथे फार तपशिलाची गरज नाही. साडेतीन सप्तकांची, दोन सुरांची, म्हणजे खर्ज व नर असे दोन संच असलेली पेटी भजनाला पुरते. एका सुराची पेटी टाळांच्या गजरात ऐकूच येत नाही. तीन सुरांची अधिक भरदार वाजते, पण भात्याला जास्त हवा लागते आणि नव्याने शिकणारीचा डावा हात दुखू लागतो. स्केल चेंजर, म्हणजे पट्ट्यांची फळी सरकवून पट्टी बदलता येणारी पेटी, मागू नये असे माझे स्पष्ट मत आहे. ती वजनाने जड व किमतीने जास्त असते, तिची यंत्रणा बिघडली तर दुरुस्त करणारा जवळ असावा लागतो, आणि ठरलेल्या एका पट्टीत गाणाऱ्या मंडळाला तिचा उपयोग क्वचितच होतो.

मंदिरात पखवाज आहे. तबला कशाला, असे समितीने विचारले तर?

हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर प्रामाणिकपणे द्यावे. तुमचे मंडळ वारकरी पद्धतीचे, टाळ-वीणेच्या साथीचे भजनच करत असेल, तर पखवाज हेच तुमचे वाद्य आहे. तेव्हा फक्त पेटी मागावी आणि पखवाज वापरण्याची परवानगी मागावी.

आमच्या भजनात अभंगांबरोबर गौळणी, स्तोत्रे आणि भावगीताच्या अंगाने बांधलेल्या चाली बऱ्याच असतात. त्यांना भजनी ठेका, दादरा, केरवा लागतो आणि तो तबल्यावर मोजक्या आवाजात वाजतो. पखवाजाची खुल्या हाताची थाप आमच्या छोट्या सभामंडपात बायकांच्या आवाजावर चढत होती. शिवाय प्रत्येक वेळी पखवाजाच्या धुमेला कणीक लावून ती नंतर खरवडून काढावी लागते. मुख्य म्हणजे आमच्या गल्लीत पखवाज वाजवणारे कोणी नाही, आणि तबल्याची ‘प्रवेशिका पूर्ण’ परीक्षा दिलेला एक महाविद्यालयीन मुलगा गुरुवारी यायला तयार आहे. पत्रात आम्ही हेच शेवटचे कारण लिहिले. वाजवणारा माणूस असल्याशिवाय वाद्य मागू नये, कारण न वाजणारी पेटी आणि न हाताळलेला तबला वर्षभरात खराब होतात.

प्रत्यक्ष पत्र कसे होते?

नावे व तारखा वगळून आमचे दुसरे पत्र पुढे देत आहे.

> प्रति,
> मा. अध्यक्ष व विश्वस्त मंडळ,
> श्री विठ्ठल मंदिर
>
> विषय : साप्ताहिक भजनासाठी मंदिराच्या मालकीची एक हार्मोनियम व एक तबला-डग्गा जोडी खरेदी करण्याबाबत.
>
> महोदय,
>
> सप्रेम नमस्कार, विनंती विशेष. आम्ही चौदा भगिनी गेली दोन वर्षे आपल्या अनुमतीने दर गुरुवारी दुपारी ४ ते ५.३० या वेळेत सभामंडपात भजन करीत आहोत. सध्या आमच्याकडे केवळ टाळ असल्यामुळे सुराचा आधार मिळत नाही व भजनाच्या मध्यावर पट्टी बदलते.
>
> यासाठी मंदिराने पुढील वाद्ये खरेदी करावीत, अशी विनंती आहे. १) हार्मोनियम, साडेतीन सप्तक, दोन सुरांची, ठेवण्याच्या खोक्यासह. २) काळी दोन पट्टीत लागणारा तबला व पितळी डग्गा, चुंबळी, हातोडी व खोळीसह. दोन दुकानांची दरपत्रके सोबत जोडली आहेत. त्यांतील कमी दरानुसार एकूण खर्च २७,५०० रुपये होतो.
>
> वाद्ये मंदिराच्या मालकीची राहतील, त्यांची नोंद मंदिराच्या जंगम मालमत्तेच्या नोंदवहीत व्हावी आणि ती मंदिरातील कुलूपबंद कपाटातच ठेवली जावीत. आमच्यापैकी कोणीही ती मंदिराबाहेर नेणार नाही. किल्ली पुजारीकाकांकडे राहील व दर गुरुवारी नोंदवहीत सही करून वाद्ये घेतली व परत ठेवली जातील. मंदिरातील इतर भजनी मंडळांनी ती वापरण्यास आमची हरकत नाही. मात्र तबल्याची पट्टी बदलू नये, अशी विनंती आहे.
>
> हार्मोनियम आमच्यातील दोन भगिनी वाजवतील. तबला-साथीसाठी आमच्या गल्लीतील एक प्रशिक्षित विद्यार्थी नियमित येणार आहे. पुडी बदलणे व पेटीचे सूर लावणे हा वार्षिक खर्च आमचे मंडळ वर्गणीतून करील.
>
> आषाढी एकादशीपासून चातुर्मासाचे भजन सुरू होते. त्यापूर्वी हा विषय सभेत विचारार्थ घ्यावा, ही विनंती. सभेत माहिती देण्यासाठी आमच्यापैकी दोघी उपस्थित राहू शकतील.
>
> कळावे,
> आपल्या नम्र,
> (चौदा सह्या)

चौदाही सह्या मुद्दाम घेतल्या. केवळ चिटणिसाची सही असती, तर देखभालीचे वचन माझ्या एकटीचे ठरले असते आणि उद्या मी गाव सोडले तर ते कोणी पाळावे, हा प्रश्न उरला असता.

दरपत्रके जोडणे आवश्यक आहे का? देवाच्या कामात हिशेब कशाला?

हिशेब समोर असला की निर्णय त्याच सभेत होतो. दरपत्रक नसेल तर ‘चौकशी करा’ असा ठराव होतो आणि चौकशी कोणी करायची हे न ठरल्याने महिने जातात. दोन्ही दुकानांकडून एकाच वर्णनाच्या वाद्यांचे दर घ्यावेत. एकाकडून एका सुराच्या पेटीचा आणि दुसऱ्याकडून दोन सुरांच्या पेटीचा दर आणला, तर तुलनाच होत नाही. आम्हाला मिरज जवळ असल्याने वाद्ये हाताळून पाहता आली. ज्यांना ते शक्य नाही त्यांनी तबला निवडताना निदान वाजवणाऱ्याला सोबत न्यावे.

पत्र कधी व कसे द्यावे?

दोन प्रती कराव्यात. एक मंदिराच्या कार्यालयात द्यावी आणि दुसरीवर आवक क्रमांक, तारीख, सही व शिक्का घेऊन ती आपल्याजवळ ठेवावी. आमच्या पहिल्या पत्राची पोच आम्ही घेतली नव्हती, त्यामुळे पुढे त्याचा संदर्भसुद्धा देता आला नाही. न्यासाचे आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपते, म्हणून खर्च पुढील अंदाजपत्रकात धरायचा असेल तर पत्र डिसेंबर-जानेवारीत द्यावे. आम्ही जानेवारीत दिले, फेब्रुवारीच्या सभेत ते विषयपत्रिकेवर आले आणि खर्च एप्रिलमध्ये झाला.

गल्लीतील एखादा देणगीदार वाद्ये देणार असेल, तर पत्राची गरज उरते का?

उरते, फक्त विषय बदलतो. मग पत्र ‘खरेदी करण्याबाबत’ न राहता ‘देणगी स्वीकारून नोंद करण्याबाबत’ होते. वाद्य परस्पर आणून सभामंडपात ठेवले, तर काही वर्षांनी ते कोणाचे यावरून वाद होतो. देणगीदाराचे निधन झाल्यावर घरच्यांनी पेटी परत मागितल्याचे प्रकार मी पाहिले आहेत, आणि लेखी काहीच नसल्याने दोन्ही बाजू आपापल्या परीने खऱ्या होत्या. देणगीदाराला प्राप्तिकरात सवलत हवी असेल, तर मंदिराच्या न्यासाला त्यासाठीची मान्यता आहे का ते विचारावे. ती असली तरी वस्तुरूपाने दिलेल्या देणगीवर ही सवलत मिळत नाही, तसेच २,००० रुपयांहून अधिक रोख रकमेवरही मिळत नाही. अशा वेळी रक्कम धनादेशाने मंदिराला द्यावी आणि मंदिराने वाद्ये घ्यावीत.

त्याच पत्रात ध्वनिक्षेपकही मागावा का?

मागू नये. ध्वनिक्षेपकाला परवानगी, वेळेचे बंधन आणि शेजाऱ्यांची सोय असे वेगळे प्रश्न जोडलेले असतात आणि त्यांच्या चर्चेत पेटी-तबल्याचा साधा विषयही अडकतो.

वाद्ये आल्यावर ताब्यात घेताना काय पाहावे?

पेटीचे खटके उघडावेत, एकही पट्टी न दाबता भाता भरावा आणि शांतपणे ऐकावे. बारीकसा सूर ऐकू आला, तर कुठल्या तरी पट्टीखालचे झाकण नीट बसत नाही असे समजावे. मग सगळे खटके बंद करून भाता पुन्हा भरावा आणि हात सोडावा. भाता पाहता पाहता बसला, तर हवा गळते आहे. शेवटी प्रत्येक पट्टी एकेक करून, आधी हळू व मग जोरात भाता मारून वाजवावी. हळू हवेवर जो सूर उशिरा बोलतो, तो पुढे पावसाळ्यात बंद पडतो.

तबल्याची चाट, म्हणजे पुडीचा कडेचा भाग, प्रत्येक गट्ट्यासमोर एकदा वाजवून पाहावी. सर्व बाजूंनी सूर एकच आला पाहिजे. एका बाजूला उतरलेला असेल तर तेथेच ठोकून तो जुळतो का ते पाहावे, आणि जुळत नसेल तर पुडी असमान ताणलेली आहे असे समजून तबला बदलून मागावा. हे सगळे खजिनदारांच्या समोर करावे. आमच्या पेटीतील एक काळी पट्टी अशीच अडकत होती. त्याच दिवशी लक्षात आल्यामुळे दुकानदाराने ती विनामूल्य दुरुस्त करून दिली.

ठेवण्याची जागाही त्याच दिवशी ठरवावी. आमचे कपाट पहिल्यांदा गाभाऱ्याच्या भिंतीला लागून होते. अभिषेकाच्या पाण्याने त्या भिंतीला कायम ओल असते आणि ओलीने तबल्याचे चामडे सैल पडून सूर उतरतो. आम्ही कपाट सभामंडपाच्या दुसऱ्या टोकाला, समईच्या काजळीपासूनही दूर हलवले आणि चार इंच उंचीच्या लाकडी पाटावर ठेवले.

समितीने अर्धीच मागणी मान्य केली तर?

स्वीकारावी. आमच्या बाबतीत तसेच घडले. सभेला आम्ही दोघी गेलो होतो. विश्वस्तांनी पेटी मंदिराच्या खर्चाने घ्यायचे ठरवले आणि तबल्याच्या ८,५०० रुपयांपैकी निम्मी रक्कम मंडळाने उभी करावी असे सुचवले. आम्ही तेथेच होकार दिला, पण एक विनंती केली की मालकी तरीही पूर्णपणे मंदिराचीच राहावी आणि आमच्या ४,२५० रुपयांची देणगी म्हणून पावती मिळावी. तशी पावती मिळाली व नोंदवहीत दोन्ही वाद्ये मंदिराच्या नावे चढली. आता शनिवारचे पुरुषांचे मंडळही तीच पेटी वापरते. ते काळी एकमध्ये गातात, म्हणून तबल्याला हात न लावता पखवाजच घेतात.